वीजबिल चुकलं: कोइमतूरच्या ईबी ऑफिसला तमिळमध्ये तक्रार कशी लिहावी

प्रश्न: "कोइमतूरला भाड्याने राहतो. दर दोन महिन्यांनी हजार-अकराशेचं बिल येतं, या वेळी अकरा हजारांच्या वर आलं. मेसेजमध्ये 1388 युनिट लिहिलेत. आधीचं रीडिंग 14236 (8 एप्रिल), आताचं 15624 (9 जून). 14 जूनला मी मीटरचा फोटो काढला, त्यात 14655 दिसतंय. ऑफिसात गेलो तर 'लिहून द्या' म्हणाले. तमिळ बोलतो, लिहिता येत नाही. पत्र ठाम हवं, पण उर्मट नको. कनेक्शन घरमालकाच्या नावावर आहे. कसं लिहू?"

तुमचं काम तुम्ही अर्धं आधीच केलंय, कारण तुमच्याकडे तो फोटो आहे. मी इथल्या सोनं-चांदी गाळणाऱ्या गलाईवाल्या मराठी मंडळींचे हिशेब बघतो. विटा-आटपाडीकडून आलेली ही माणसं तमिळ फाडफाड बोलतात, पण सरकारी पत्र म्हटलं की कागद माझ्याकडे येतो. त्यामुळे ईबीची पत्रं बरीच लिहून झाली आहेत. (कागदोपत्री आता वीजवाटपाचं काम 'तमिळनाडू मिन् पगिर्मानक् कऴगम्' या कंपनीकडे आहे. तरी जुन्या इलेक्ट्रिसिटी बोर्डावरून ऑफिसात आणि गल्लीत सगळे ईबीच म्हणतात.)

बहुतेक लोक पत्रात "बिल फार जास्त आलंय, कृपया कमी करा" असं लिहितात. ही विनंती ऑफिसात कोणालाच मान्य करता येत नाही. बिल जास्त आहे म्हणून ते कमी करायचा अधिकार सहायक अभियंत्याला नाही. चुकीचं रीडिंग दुरुस्त करायचा अधिकार मात्र त्याच्या ऑफिसाकडे आहे. म्हणून पत्रात पैशांबद्दल एखादंच वाक्य ठेवा आणि सगळा भर मीटरवरच्या आकड्यावर द्या. पत्र ठाम व्हायचं ते तिथे. शब्द चढवून ते होत नाही.

तुमचे आकडे एकदा मांडून बघू. 8 एप्रिल ते 9 जून म्हणजे 62 दिवस. 9 जूनला 15624 नोंदवलं आणि 14 जूनला मीटर 14655 दाखवतो. मीटर उलटा फिरत नाही, तेव्हा 9 तारखेची नोंद खरी असूच शकत नाही. आता हजारच्या घरात 5 च्या जागी 4 ठेवून बघा: 14624. त्यातून 14236 वजा केले की 388 युनिट उरतात, म्हणजे दिवसाला सव्वासहा. पुढच्या पाच दिवसांत 14624 वरून 14655, म्हणजे 31 युनिट, हेही दिवसाला सव्वासहाच. दोन्ही हिशेब एकमेकांना जुळतात. म्हणजे मीटर नीट आहे, वापर नेहमीचाच आहे, फक्त एक आकडा चुकीचा वाचला किंवा टाईप झाला. चुकीच्या बिलांमध्ये हा सगळ्यात सोपा प्रकार.

युनिट साडेतीनपट आणि बिल दहापट, हे कसं, असा प्रश्न तुम्हाला पडलाच असेल. तमिळनाडूत घरगुती बिल दोन महिन्यांचं असतं आणि पहिली 100 युनिट मोफत असतात. पुढचा दर टप्प्याटप्प्याने चढतो. शिवाय वापर 500 च्या वर गेला की खालच्या एका टप्प्याची सवलतही जाते. तुमची जादाची 1000 युनिट जवळजवळ सगळी महागड्या टप्प्यांत पडली आहेत.

म्हणूनच काउंटरवर कोणी "भरून टाका सार, पुढच्या बिलात आपोआप वळतं होईल" असं म्हटलं तर ऐकू नका. वळती होतात ती युनिट, पैसे नाही. तुमच्या वापराने ती हजार युनिट संपायला पाच महिने लागतील. तेवढ्या काळाची बिलं नेहमीप्रमाणे आली असती तर मिळून तीन हजारांच्या आतच झाली असती. तुम्ही त्यासाठी आज दहा हजार मोजणार आणि प्रत्येक फेरीतली मोफत 100 युनिटही गमावणार. सल्ला देणारा वाईट नसतो, त्याला फक्त दुरुस्तीची लिखापढी टाळायची असते.

लिहायच्या आधी फोटो एकदा तपासून घ्या. डिजिटल मीटरच्या पडद्यावर दर काही सेकंदांनी वेगळा आकडा येतो: तारीख, व्होल्टेज, कमाल मागणी, युनिट. ज्या आकड्याशेजारी `kWh` दिसतं तोच आपला. मीटरवर छापलेला क्रमांकही त्याच चौकटीत यायला हवा, नाहीतर फोटो कुठल्या मीटरचा हा प्रश्न निघतो. फ्लॅटच्या इमारतीत दहा मीटर शेजारीशेजारी असतात, तेव्हा आपलाच मीटर आहे ना हेही बघा. शेजाऱ्याचं रीडिंग आपल्या खात्यावर चढलंय असंही सापडतं, आणि तेव्हा पत्र दोघांनी मिळून द्यावं लागतं. मीटरजवळ पांढरं कार्ड लटकत असेल आणि त्यावर नोंदी केलेल्या असतील तर त्याचीही झेरॉक्स घ्या.

आता पत्र. ऑफिसला ते तमिळ लिपीतच द्यायचं आहे. तुम्हाला वाचता यावं म्हणून इथे देवनागरीत देतो. फोनवरच्या तमिळ कीबोर्डला बोलून टाईप करा किंवा कलेक्टर ऑफिसच्या आसपासच्या एखाद्या टायपिंगच्या दुकानात वाचून दाखवा, ते दहा मिनिटांत करून देतात. उच्चार जमेल तसा करा, तमिळ माणसाला कळतं. टाईप झाल्यावर एखाद्या शेजाऱ्याकडून आकडे तेवढे पुन्हा तपासून घ्या.

अनुप्पुनर्: (तुमचं नाव, पत्ता, मोबाईल)

पेऱुनर्: उदवि मिन् पोऱियाळर् अवर्गळ्, (तुमच्या विभागाचं नाव) पिरिवु अलुवलगम्, तमिऴ्नाडु मिन् पगिर्मानक् कऴगम्, कोयम्बुत्तूर्.

मदिप्पिऱ्कुरिय ऐया / अम्मा,

पोरुळ्: मिन् कणक्कीट्टिल् एऱ्पट्ट पिऴैयैत् तिरुत्ति, सरियान कट्टणम् निर्णयिक्कक् कोरुदल् - तोडर्बाग.

पार्वै: मिन् इणैप्पु एण् (…), कणक्कीट्टु नाळ् 09.06.

वणक्कम्. मेऱ्कण्ड मिन् इणैप्पु उळ्ळ वीट्टिल् नान् वाडगैक्कुक् कुडियिरुन्दु वरुगिऱेन्. इणैप्पु वीट्टु उरिमैयाळर् (मालकाचं नाव) पेयरिल् उळ्ळदु.

08.04 अन्ऱु मीट्टर् अळवु 14236. 09.06 अन्ऱु 15624 एनप् पदिवु सेय्यप्पट्टु, 1388 यूनिट्टुगळुक्कुक् कट्टणम् कणक्किडप्पट्टुळ्ळदु. आनाल् 14.06 अन्ऱु नान् एडुत्त पुगैप्पडत्तिल् मीट्टर् अळवु 14655 मट्टुमे उळ्ळदु. ऐन्दु नाट्कळुक्कुप् पिऱगुम् मीट्टर् अळवु पदिवु सेय्यप्पट्टदै विडक् कुऱैवाग इरुप्पदाल्, पदिविल् पिऴै एऱ्पट्टुळ्ळदु तेळिवागिऱदु.

एनवे, मीट्टरै नेरिल् आय्वु सेय्दु, सरियान अळविन् पडि कट्टणत्तैत् तिरुत्ति अमैक्कुमाऱु केट्टुक्कोळ्गिऱेन्. तिरुत्तम् मुडियुम् वरै मिन् इणैप्पैत् तुण्डिक्क वेण्डाम् एनवुम् केट्टुक्कोळ्गिऱेन्.

मिन्सारच् चट्टम् 2003, पिरिवु 56(1)-इन् पडि, कडन्द आऱु मादच् चरासरिक् कट्टणत्तै आट्चेबणैयुडन् सेलुत्तत् तयाराग उळ्ळेन्.

इन्द मनुविन् मीदु एडुक्कप्पट्ट नडवडिक्कैयै एऴुत्तुप्पूर्वमागत् तेरिविक्कुमाऱु केट्टुक्कोळ्गिऱेन्.

नन्ऱि.

इडम्: / नाळ्:

इप्पडिक्कु,
तङ्गळ् उण्मैयुळ्ळ,
(सही)

इणैप्पु: मीट्टर् पुगैप्पडम्, वेळ्ळै अट्टै नगल्, कुऱुञ्जेय्दि नगल्.

पाठवणारा, घेणारा, विषय, संदर्भ, मग 'वणक्कम्' हा क्रम इथल्या शाळेत शिकवतात. ऑफिसातला माणूस पत्र वाचायच्या आधी त्याचा साचा बघतो. विषय आणि संदर्भ जागच्या जागी असले की तो थेट कनेक्शन नंबर उचलतो आणि संगणकावर खातं उघडतो.

सौजन्य आणि ठामपणा पत्रात कुठे कुठे आहे ते सांगतो, म्हणजे काही बदलावंसं वाटलं तर काय हलवायचं नाही हे कळेल. मजकुरात कुठेही "तुमच्या माणसाने चुकीचं लिहिलं" असं नाही. "पदिविल् पिऴै एऱ्पट्टुळ्ळदु", म्हणजे नोंदीत चूक झाली आहे, इतकंच आहे. रीडिंग घेणारा त्याच ऑफिसात दोन टेबलं पलीकडे बसतो आणि तुमचं पत्र बऱ्याचदा खुलाशासाठी त्याच्याकडेच जातं. त्याच्यावर बोट ठेवलं तर तो आपला बचाव लिहील. आकड्यावर बोट ठेवलं तर तो आकडा बदलून मोकळा होईल.

विनंत्यांचा शेवट 'केट्टुक्कोळ्गिऱेन्' असा केला आहे. आपल्या 'विनंती करतो'इतकाच त्याचा भार आहे. काही लेखनिक प्रत्येक ओळीत 'ताऴ्मैयुडन्' घालतात, म्हणजे नम्रपणे, लीनपणे. ते मी काढतो. एकदा आलं तर ठीक, पण चार वेळा आलं की पत्र सवलतीच्या अर्जासारखं वाचलं जातं. तुम्ही सवलत मागत नाही आहात. उलट बोलीतलं तमिळ मात्र पत्रात येऊ देऊ नका. तुम्ही बाजारात जसं बोलता तसंच उतरलं तर नकळत अरेरावी वाटते.

आता कलम 56(1) बद्दल, कारण पत्रातली सगळ्यात वजनदार ओळ तीच आहे. वीज कायदा 2003 च्या या कलमानुसार बिल थकलं तर पंधरा पूर्ण दिवसांची लेखी नोटीस देऊन वीज तोडता येते. पण त्यालाच एक अट जोडलेली आहे. वाद मिटेपर्यंत ग्राहकाने मागितलेली रक्कम किंवा मागच्या सहा महिन्यांच्या सरासरीने येणारी रक्कम, यातली जी कमी असेल ती हरकत नोंदवून भरली, तर वीज तोडता येत नाही. तमिळनाडूत सहा महिने म्हणजे तीन बिलं. समजा तुमची मागची तीन बिलं 960, 1120 आणि 1080 होती. बेरीज 3160, महिन्याला सुमारे 527, दोन महिन्यांचे 1053 रुपये. तेवढे भरायची तुमची तयारी आहे असं पत्र सांगतं. 'आट्चेबणैयुडन्' हा शब्द गाळू नका, हरकत नोंदवून भरतोय हे त्यातूनच कळतं.

प्रत्यक्षात अडचण अशी की ऑनलाइन भरायला गेलात तर पूर्ण रक्कमच पुढे येते. सरासरीइतकी रक्कम स्वीकारायची तर सहायक अभियंत्याने काउंटरला तसं सांगावं लागतं. तुमच्या प्रकरणात बहुधा तिथपर्यंत जावं लागणार नाही. पुरावा इतका उघड असला की कोणीतरी येऊन मीटर बघतो, ऑफिसात नोंद दुरुस्त होते आणि नव्या रकमेचा मेसेज येतो. पण शेवटची तारीख दोन-तीन दिवसांवर आली आणि काहीच हललं नाही, तर सरासरी भरण्याची परवानगी मागणारी दोन ओळींची वेगळी चिठ्ठी द्या. तीही नाकारली आणि वीज जाण्याची धास्ती असेल, घरात म्हातारं माणूस किंवा लहान मूल असेल, तर पूर्ण रक्कम भरा, पण त्याच दिवशी "हरकत नोंदवून भरली" असं पत्र द्या. दुरुस्ती झाल्यावर जादा पैसे पुढच्या बिलांत वळते होतात. रोख परत मिळण्याची वाट बघू नका.

भाडेकरू असल्याचा मुद्दा तुमच्या बाबतीत थोडा परिस्थितीवर अवलंबून आहे. रीडिंगच्या चुकीसाठी बहुतेक ऑफिसं राहणाऱ्याचं पत्र घेतात. काही ठिकाणी "ज्याच्या नावावर कनेक्शन त्यानेच यावं" म्हणतात. मालक गावातच असेल तर पत्राच्या तळाशी त्याची सही घेतलेली बरी. परगावी असेल तर त्याच्याकडून सहमतीच्या दोन ओळी आणि सही मागवा. आणखी एक गोष्ट, आपल्या लोकांसाठी मुद्दाम सांगतो: घरगुती कनेक्शनवर मागच्या खोलीत भट्टी किंवा कसलाही धंदा चालत असेल, तर "मीटरला येऊन बघा" असं लिहिण्याआधी विचार करा. बघायला आलेला माणूस मीटरच बघेल असं नाही, आणि दरवर्ग बदलला की चुकीच्या बिलापेक्षा मोठं प्रकरण होतं.

पत्राच्या दोन प्रती घेऊन जा. एक द्या, दुसरीवर शिक्का, तारीख आणि सही घ्या. काउंटरवरच्या माणसाने "ठेवून जा" म्हटलं तर "तप्पाल् सेक्शन कुठे आहे" असं विचारा, पोच तिथे मिळते. तिथेही नाही दिली तर वाद घालू नका, स्पीड पोस्टाने पाठवा आणि पोचल्याचा पुरावा घ्या. त्याच दिवशी 'मिन्नगम्' या ग्राहक केंद्राला 94987 94987 वर फोन करून तक्रार नोंदवा. ते तक्रार क्रमांक देतात. तो क्रमांक पत्र द्यायच्या आधी मिळाला तर 'पार्वै'च्या, म्हणजे संदर्भाच्या ओळीत घाला. पत्र मग एका टेबलावर पडून राहिलं तरी वरून विचारणा होते.

दोन आठवड्यांत काही झालं नाही तर तेच पत्र, पहिल्याच्या पोचेची प्रत जोडून, कार्यकारी अभियंत्याला द्या. तमिळमध्ये 'सेयऱ्पोऱियाळर्'. नवं काही लिहायची गरज नाही, 'पार्वै'मध्ये पहिल्या पत्राची तारीख वाढवा. त्याच्या वरती ईबीच्या प्रत्येक सर्कलमध्ये ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंच असतो आणि त्यानंतर चेन्नईत वीज लोकपाल. एका आकड्याच्या चुकीसाठी मंचापर्यंत जावं लागणं विरळा. पण पहिल्या दिवसापासून कागद जपलेला असला तर तिथेही पत्राला जोडलेले हेच तीन पुरावे पुरतात.

तुमचा प्रकार सरळ आहे. हे उत्तर आणखीही कोणी वाचेल म्हणून दुसरे दोन प्रकार सांगतो, कारण त्यात हे पत्र जसंच्या तसं चालणार नाही.

एक, रीडिंग बरोबर आहे पण ते उशिरा घेतलं. साठ दिवसांऐवजी सत्तर दिवसांनी माणूस आला आणि तुम्ही 500 ची रेघ ओलांडलीत. ही रेघ किती बोचते ते सप्टेंबर 2022 च्या दरांनी बघा. त्या दरांनी 500 युनिटचं बिल 1725 रुपये होतं आणि 510 युनिटचं 2030. दहा युनिटला 305 रुपये. दर त्यानंतर बदलले आहेत, तरी रेघ तशीच आहे. अशा वेळी "नोंदीत चूक झाली" असं लिहाल तर पत्र फेटाळलं जाईल, कारण नोंद खरी आहे. तिथे दोन्ही रीडिंगच्या तारखा द्या, मधले दिवस मोजून लिहा आणि साठ दिवसांच्या हिशेबाने युनिट विभागून पुन्हा आकारणी मागा. यश अधिकाऱ्यावर बरंचसं अवलंबून असतं. तारखा लिहिलेलं पांढरं कार्ड जवळ असेल तर बाजू बळकट होते.

दुसरा प्रकार म्हणजे मीटरच जोरात पळतोय असा संशय. आधी घरी बघून घ्या. घरातला मुख्य स्विच बंद करा. मीटरवरचा लाल दिवा तरीही लुकलुकत राहिला तर मीटरनंतर कोणाची तरी तार जोडलेली आहे किंवा मीटरमध्ये दोष आहे. लुकलुक थांबली तर एकच 1000 वॅटची इस्त्री किंवा हीटर लावा. मीटरवर `3200 imp/kWh` छापलेलं असेल तर मिनिटाला साधारण 53 वेळा दिवा लुकलुकायला हवा. इस्त्री तापल्यावर आपोआप बंद होते, म्हणून पहिल्याच मिनिटात मोजा. थोडा फरक चालतो, पण 80 भरले तर पत्रात मीटरची चाचणी मागा, 'मीट्टर् सोदनै'. तिचं शुल्क आधी भरावं लागतं आणि मीटर बरोबर निघाला तर ते जातं, म्हणून ही घरची मोजणी केल्याशिवाय चाचणी मागू नका. मीटर सदोष ठरला तर तमिळनाडूच्या वीजपुरवठा संहितेप्रमाणे दोषाच्या काळातला वापर त्याआधीच्या चार महिन्यांच्या सरासरीने धरतात. आधीची दोन बिलं त्यासाठी जपून ठेवा.

तुमच्याकडे परत येतो. दुरुस्त बिल आलं, भरलंत, की पुढच्या फेरीत ऑगस्टमध्ये एक गोष्ट नक्की बघा: मागचं रीडिंग म्हणून 14624 दिसायला हवं. कधी कधी रक्कम दुरुस्त होते पण रीडिंग 15624 च राहतं. मग ऑगस्टला मीटर पंधरा हजारांच्या आसपास दाखवतो, नवा आकडा जुन्यापेक्षा लहान निघतो आणि खात्यावर मीटर सदोष असल्याची खूण पडते किंवा भलतंच बिल निघतं. नव्या रकमेचा मेसेज आला की लगेच ऑनलाइन खात्यावरचं रीडिंग बघा. ते जुनंच असेल तर शिक्का मारलेली तुमची प्रत घेऊन त्याच आठवड्यात जा. ज्याने रक्कम दुरुस्त केली त्याच्या लक्षात प्रकरण ताजं असतं, ऑगस्टमध्ये तो माणूस त्या टेबलावर असेलच असं नाही.